आपल्याच नावावरील जाहिरात : लाभ किती, आभास किती?

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेक औषधनिर्माते व औषधविक्रेते गूगलवर जाहिरात देऊ लागले आहेत. जाहिरातीचे काम बहुधा एखाद्या संस्थेकडे सोपविलेले असते. महिनाअखेरीस त्या संस्थेकडून अहवाल येतो : खर्च चाळीस हजार, जाहिरातीतून विक्री दोन लाख, म्हणजे रुपयाला पाच रुपये. आकडा पाहून समाधान वाटते आणि पुढील महिन्याचा धनादेश लिहिला जातो. या एका आकड्यात दोन अगदी भिन्न प्रकृतीचे आकडे मिसळलेले असतात. ते वेगळे कसे करावेत व वेगळे केल्यावर त्यांतील कोणावर किती विश्वास ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वैद्यांच्या व्यक्तिगत जाहिरातीवर व्यावसायिक आचारसंहितेची बंधने असल्याने हे विवेचन मुख्यतः औषधनिर्मिती व औषधविक्री करणाऱ्यांसाठी आहे.

नावाचा शोध आणि गरजेचा शोध

गूगलच्या शोधपेटीत काही टंकलिखित केले की दोन प्रकारचे निकाल येतात. वरच्या बाजूस सशुल्क जाहिराती असतात आणि त्यांखाली गूगलने स्वतः क्रम लावलेले विनाशुल्क निकाल असतात. जाहिरातीवर कोणी क्लिक केले तरच जाहिरातदारास पैसे द्यावे लागतात. खालच्या विनाशुल्क निकालावर क्लिक झाल्यास काहीही द्यावे लागत नाही.

आता शोध घेणारी व्यक्ती कोण, हे पाहू. उदाहरणासाठी पुण्यातील एका काल्पनिक फार्मसीला ‘अबक आयुर्वेद’ म्हणू. एक ग्राहक शोधपेटीत ‘अबक आयुर्वेद पुणे’ किंवा ‘अबक च्यवनप्राश’ असे लिहितो. त्याला ही फार्मसी आधीच ठाऊक आहे. कोणा वैद्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून दिले असेल, शेजारणीने सांगितले असेल किंवा मागची बाटली संपली असेल. हा नावाचा शोध, म्हणजेच व्यवसायाच्या भाषेत ब्रँड-शोध. दुसरा ग्राहक ‘केसांसाठी आयुर्वेदिक तेल’ किंवा ‘कुंकुमादी तेल किंमत’ असे लिहितो. त्याला गरज आहे, परंतु कोणाकडे जावे हे त्याने ठरविलेले नाही. हा गरजेचा शोध, म्हणजे अ-ब्रँड शोध.

आपल्या क्षेत्रात ही सीमारेषा आखताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली शास्त्रोक्त योगांच्या नावांबाबत. दशमूलारिष्ट, त्रिफळा चूर्ण, महानारायण तेल ही नावे ग्रंथोक्त असून ती कोणा एकाची नाहीत. आपण ती औषधे कितीही वर्षे बनवीत असलो तरी त्या नावांचा शोध हा गरजेचाच शोध होय. आपल्या नोंदलेल्या स्वामित्वाच्या योगाचे नाव मात्र ब्रँडमध्ये मोडते. दुसरी चूक दुकानाच्या नावाबाबत. धन्वंतरी, चरक, अश्विनी अशी नावे गावोगावी आढळतात. ‘धन्वंतरी आयुर्वेद’ असे लिहिणारा प्रत्येक जण आपल्यालाच शोधतो आहे, असे समजता येत नाही. अशा नावाच्या दुकानाला पुढील विवेचन जसेच्या तसे लागू पडत नाही, हे आताच नमूद करतो.

विभागणी प्रत्यक्षात कशी करावी

गूगल जाहिरातीच्या खात्यात Search terms या नावाचे एक विवरणपत्र असते. लोकांनी प्रत्यक्ष काय लिहिले असता आपली जाहिरात दिसली व तीवर क्लिक झाले, त्यांतील बराच भाग त्यात शब्दशः पाहावयास मिळतो. प्रथम मागील तीन महिन्यांचे हे विवरणपत्र काढून घ्यावे आणि ज्या ओळीत आपले नाव कोणत्याही रूपात आले आहे तिच्यापुढे खूण करावी. नाव देवनागरीत, रोमन लिपीत, जोडून, तोडून, चुकीच्या वर्णाने अशा अनेक रूपांत आढळेल. ही सर्व रूपे एका कागदावर उतरवून ठेवावीत.

त्यानंतर दोन स्वतंत्र मोहिमा कराव्यात. पहिल्या मोहिमेत केवळ नावाची रूपे ठेवावीत. दुसरीत गरजेचे शब्द ठेवावेत आणि कागदावरील नावाची सर्व रूपे Negative keywords या यादीत घालावीत, म्हणजे त्या शब्दांवर दुसऱ्या मोहिमेची जाहिरात दिसणार नाही. एका लिपीतील शब्द वगळला म्हणजे दुसऱ्या लिपीतील रूपही वगळले गेले, असे गृहीत धरू नये. ही वगळणी केली नाही तर नावाने येणारे ग्राहक गरजेच्या मोहिमेत शिरतात आणि तिचे निकाल विनाकारण चांगले दिसू लागतात.

Performance Max या प्रकारच्या मोहिमेत विशेष सावध राहावे लागते. तीत शब्दांची निवड गूगलची यंत्रणा स्वतः करते आणि सहज विक्री मिळते म्हणून ती आपल्या नावाच्या शोधांकडे झुकू शकते. अशा मोहिमेतून आपला ब्रँड वगळण्याची सोय उपलब्ध आहे. ती वापरली आहे काय, हे जाहिरात-संस्थेस अवश्य विचारावे.

विभागणीनंतर दिसणारे चित्र

अबक आयुर्वेदचे आकडे घेऊ. हिशेब सुलभ व्हावा म्हणून ते पूर्णांकात घेतले आहेत. चार आठवड्यांचा एकूण खर्च ४०,००० रुपये व जाहिरातीतून दाखविलेली विक्री २,००,००० रुपये, म्हणजे पाचपट. विभागणी केल्यावर पुढील गोष्ट दिसते. नावाच्या मोहिमेवर १०,००० रुपये खर्च झाले, २,००० क्लिक आले, २०० मागण्या नोंदल्या गेल्या व विक्री १,४०,००० रुपये झाली. गरजेच्या मोहिमेवर ३०,००० रुपये खर्च झाले, २,००० क्लिक आले, ७५ मागण्या नोंदल्या गेल्या व विक्री ६०,००० रुपये झाली. पहिली मोहीम चौदापट देते, दुसरी केवळ दुप्पट.

विक्रीवरील स्थूल नफा शेकडा ४० धरला तर दुसऱ्या मोहिमेच्या ६०,००० रुपयांवर २४,००० रुपये सुटतात आणि खर्च ३०,००० रुपये आहे. म्हणजे पहिल्या खरेदीपुरता तोटाच. जाहिरात-संस्थेचा सल्ला येथे ठरलेला असतो : दुसरी मोहीम कमी करा, पहिली वाढवा. वरवर पाहता तो तर्कशुद्ध वाटतो. परंतु त्यात एक प्रश्न विचारलेलाच नाही. नावानेच शोधत आलेले हे २०० ग्राहक, जाहिरात नसती तर कोठे गेले असते?

काकतालीय न्याय

साधा प्रतिश्याय काही दिवसांत आपोआप शमतो, हे आपण सर्व जाणतो. पाचव्या दिवशी दिलेल्या औषधाने सातव्या दिवशी आराम पडला, तर श्रेय औषधाचे की व्याधीच्या स्वभावाचे, हा प्रश्न प्रामाणिक वैद्य स्वतःला विचारतोच. कावळा बसण्यास आणि ताडाचे फळ पडण्यास एक गाठ पडली, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

नावाच्या जाहिरातीचे असेच आहे. ‘अबक आयुर्वेद’ असे लिहिणाऱ्यास वर जाहिरात दिसते आणि तिच्या लगेच खाली त्याच फार्मसीचे विनाशुल्क पान दिसते. तो सहजगत्या वरच्यावर क्लिक करतो. वरचे नसते तर खालच्यावर केले असते. अहवालात मात्र ती विक्री संपूर्णपणे जाहिरातीच्या खात्यावर जमा होते, कारण अहवाल केवळ ‘कोणत्या जाहिरातीवर क्लिक केले’ हे मोजतो. ‘जाहिरात नसती तर काय झाले असते’ हे तो मोजत नाही आणि त्याला मोजताही येत नाही.

ते मोजण्याचा एकच मार्ग आहे : जाहिरात काही काळ बंद करून पाहणे. निदानपंचकातील उपशय आपण याच हेतूने वापरतो. व्याधीचे स्वरूप गूढ असेल तेव्हा काही देऊन किंवा काही थांबवून फरक पाहावा आणि त्यावरून निदान करावे.

ईबे कंपनीचा प्रयोग

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर व काटेकोरपणे करण्याचे श्रेय अमेरिकेतील ईबे या ऑनलाइन बाजारपेठेच्या अर्थशास्त्रज्ञांना जाते. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को व स्टीव्हन टॅडेलिस या तिघांनी तो केला आणि त्यांचा शोधनिबंध २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मार्च २०१२ मध्ये ईबेने याहू व एमएसएन या शोधयंत्रांवर आपल्या नावावरील जाहिराती बंद केल्या आणि गूगलवर त्या तुलनेसाठी चालू ठेवल्या. बंद केलेल्या जाहिरातींवरून येणाऱ्या क्लिकांपैकी ९९.५ टक्के क्लिक विनाशुल्क निकालांवरून तसेच येत राहिले. ज्या ग्राहकांसाठी कंपनी पैसे मोजत होती ते जवळपास सर्व जण तसेही येणारच होते.

पुढे त्यांनी गरजेच्या शब्दांवरील जाहिरातीही गूगलवर अमेरिकेच्या सुमारे तीस टक्के भागांत बंद करून पाहिल्या. एकूण विक्रीवर त्याचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. मात्र तपशिलात एक महत्त्वाची बाब आढळली. जे ग्राहक ईबेवर नवे होते किंवा क्वचित खरेदी करीत, त्यांच्यावर जाहिरातीचा खरोखर परिणाम होत होता. जे वारंवार खरेदी करीत, त्यांच्यावर तो होत नव्हता. आणि खर्चाचा मोठा भाग नेमका याच वारंवार येणाऱ्यांवर होत होता. थोडक्यात, आपली ओळख नसलेल्यास ओळख करून देणे हे जाहिरातीचे खरे कार्य ठरले.

आपण ईबे नव्हे

येथवर वाचून कोणी आजच नावाची जाहिरात बंद करील, तर तेही घाईचे ठरेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कोव्हिएल्लो, ग्नीझी व गोएटे यांच्या अभ्यासात मोटारींची माहिती देणाऱ्या एडमंड्स या अमेरिकन संकेतस्थळावर असाच प्रयोग करण्यात आला. तेथे निष्कर्ष अगदी उलट निघाला : नावाची जाहिरात बंद केल्यावर तीवरून येणाऱ्या ग्राहकांपैकी निम्म्याहून अधिक परत आलेच नाहीत.

हा फरक समजण्यास एक प्रश्न उपयोगी पडतो. आपली जाहिरात काढली तर त्या रिकाम्या जागेवर कोण येते? कोणीही आले नाही, तर आपलेच विनाशुल्क पान वर सरकते. प्रतिस्पर्धी आला, तर आपले नाव लिहिलेल्या ग्राहकास प्रथम त्याचे दुकान दिसते. आपल्या नावावर इतर कोणी जाहिरात देत आहे काय, हे खात्यातील Auction insights या विवरणपत्रात नावाच्या मोहिमेपुरते पाहता येते. मोहिमा वेगळ्या केलेल्या नसतील तर ही माहिती गरजेच्या शब्दांत मिसळून निरर्थक होते. विभागणीचा हा आणखी एक लाभ.

प्रतिस्पर्ध्याने आपले नाव वापरणे कायदेशीर आहे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाशी संबंधित प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये असे म्हटले की, नोंदणीकृत व्यापारचिन्ह जाहिरातीचा शोधशब्द म्हणून वापरणे हा त्या चिन्हाचा ‘वापर’ आहे. परंतु तेवढ्याने ते उल्लंघन ठरत नाही. ग्राहकाचा गोंधळ होणे यांसारखी कारणे असतील तर ते उल्लंघन ठरते आणि तेव्हा गूगललाही केवळ मध्यस्थ म्हणून हात झटकता येत नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेकमायट्रिप व बुकिंग डॉट कॉम यांच्या वादात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने शोधशब्दाच्या वापरावरील अंतरिम मनाई उठविली. यावरून बोध असा की, आपले नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून ठेवणे हितावह आहे, पण नोंदणीमुळे कोणी आपल्या नावावर जाहिरात देणारच नाही, असे मात्र नाही.

आपल्या दुकानात प्रयोग कसा करावा

मोठ्या कंपन्या काही प्रदेशांत जाहिरात बंद ठेवून इतर प्रदेशांशी तुलना करतात. ज्यांची बरीचशी विक्री पुणे शहरात आहे त्यांना हे शक्य नाही. त्यांनी आठवड्यांची अदलाबदल करावी : एक आठवडा नावाची मोहीम चालू, पुढचा बंद, असे आठ आठवडे. सलग चार आठवडे चालू व सलग चार बंद ठेवू नयेत. कारण दिवाळी, हिवाळ्यातील च्यवनप्राशाचा हंगाम किंवा पगाराचा आठवडा एकाच बाजूस पडला तर तुलना बिघडते. या काळात किमती, सवलती व गरजेची मोहीम यांत काहीही बदल करू नये. एका वेळी एकच औषध थांबविले तरच फरक कशाचा हे कळते.

मोजावयाचे ते एकूण : जाहिरातीवरून आलेले अधिक विनाशुल्क निकालावरून आलेले. नावाने शोधणारे अनेक जण केवळ पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक पाहून दुकानात येतात, म्हणून दूरध्वनीवरील मागण्या व गल्ल्यावरची विक्री यांचीही आठवडावार नोंद ठेवावी.

अबक आयुर्वेदचे निकाल असे आले असे समजू. चालू असलेल्या चार आठवड्यांत नावाच्या शोधातून जाहिरातीवर २,००० व विनाशुल्क १,२०० असे ३,२०० क्लिक आले. मागण्या अनुक्रमे २०० व १२०, एकूण ३२०. बंद असलेल्या चार आठवड्यांत विनाशुल्क क्लिक वाढून ३,००० झाले व मागण्या ३०० आल्या. गल्ल्यावरील व दूरध्वनीवरील विक्रीत फरक दिसला नाही. म्हणजे जाहिरातीने २०० मागण्या आणल्याचे अहवाल सांगत होता. प्रत्यक्षात वाढ २० मागण्यांची होती. २० मागण्या म्हणजे १४,००० रुपयांची विक्री. चौदापट म्हणून मिरविणारी मोहीम प्रत्यक्षात १.४ पट निघाली. तीवरील स्थूल नफा ५,६०० रुपये आणि खर्च १०,००० रुपये.

परंतु येथे थांबू नये. ३२० व ३०० यांतील फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. स्थूल मानाने, दोन्ही संख्यांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करावी. तेवढा चढउतार योगायोगाचा समजावा. येथे तो सुमारे ५० मागण्यांचा येतो. म्हणजे खरी वाढ शून्यही असेल किंवा ७० देखील असेल, आणि ७० असेल तर मोहीम फायद्याची ठरते. केवळ मागण्यांवरून निर्णय करता येत नाही.

क्लिकांची संख्या मोठी असल्याने ती अधिक स्पष्ट सांगते. फरक २०० क्लिकांचा आहे व योगायोगाचा चढउतार सुमारे १६०. म्हणजे खरी वाढ सुमारे ४० ते ३६० क्लिकांच्या दरम्यान. दहा क्लिकांमागे एक मागणी या प्रमाणाने, उत्तमोत्तम धरले तरी ३६ मागण्या, आणि त्यांवर नफा सुमारे १०,००० रुपये. अनुकूलात अनुकूल गृहीत धरूनही ही मोहीम जेमतेम खर्च भरून काढते. आता निर्णय करता येतो. क्लिकांचीही संख्या फार लहान असेल, तर प्रयोग अधिक आठवडे चालवावा. घाईने निष्कर्ष काढू नये.

निर्णयाची दिशा

ज्या दुकानाचे नाव वेगळे आहे, ज्याचे विनाशुल्क पान पहिल्या क्रमांकावर येते आणि ज्याच्या नावावर दुसरा कोणी जाहिरात देत नाही, त्याने नावाची मोहीम बंद ठेवून महिन्यातून एकदा Auction insights पाहण्यासाठी ती दोन-चार दिवस अल्प खर्चात चालवावी. प्रतिस्पर्धी दिसू लागला तर मोहीम पुन्हा सुरू करून प्रयोग पुन्हा करावा, कारण परिस्थिती बदलली की जुना निष्कर्ष लागू राहत नाही. नाव सामान्य असेल, संकेतस्थळ नवे असेल किंवा आपले विनाशुल्क पान खाली जाऊन वर मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांची पाने येत असतील, तर नावाच्या जाहिरातीस खरा उपयोग असू शकतो. तोही मोजूनच ठरवावा.

गरजेच्या मोहिमेचा विचार मात्र वेगळ्या मापाने करावा लागतो. तिच्या ७५ मागण्यांपैकी पूर्वी कधीही न आलेले ग्राहक किती, हे आपल्या बिलवहीतील दूरध्वनी क्रमांकांवरून पडताळावे आणि त्यांपैकी कितीजण सहा महिन्यांत पुन्हा आले ते पाहावे. पहिल्या खरेदीतील ६,००० रुपयांचा तोटा पुढील खरेद्यांतून भरून निघतो की नाही, यावर त्या मोहिमेचे भवितव्य ठरते. आपल्या क्षेत्रात या मोहिमेवर आणखी एक मर्यादा आहे. औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, स्थौल्य, रक्तदाब यांसारखे जे व्याधी आहेत, त्यांवरील औषध म्हणून जाहिरात करता येत नाही. त्यामुळे गरजेच्या शब्दांची निवड तेले, सौंदर्यप्रसाधने, च्यवनप्राशासारखी रसायने अशा मर्यादित क्षेत्रात करावी लागते. ते कष्टाचे काम असते आणि नावाची मोहीम सोपी असते. अहवालातील आकडा मोठा करण्याचा सोपा मार्ग म्हणजे खर्च हळूहळू नावाकडे वळविणे, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून पुढील अहवाल आल्यावर जाहिरात-संस्थेकडे एवढीच मागणी करावी की, नावाचे व गरजेचे आकडे दोन वेगळ्या ओळींत द्यावेत आणि नावाची मोहीम आठ आठवडे एकाआड एक बंद ठेवावी. या मागणीस नकार आला, तर ती मोहीम आपल्या खात्यात शिरून स्वतः बंद करण्याचा अधिकार आपलाच आहे. खात्याची मालकी मात्र आपल्या नावे असल्याची खात्री आधी करून घ्यावी.